पाच एकरांचा ठोका

२०२१ च्या दिवाळीच्या आगेमागे माझ्या बँक खात्यात दोन वेळा मिळून वीस हजार रुपये जमा झाले. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, त्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं होतं. सरकारने जिरायतीला हेक्टरी दहा हजार जाहीर केले, मर्यादा दोन हेक्टरांची. औसा तालुक्यातलं माझं रान पाच एकर, म्हणजे बरोबर त्या मर्यादेत बसणारं. सातबारा माझ्या नावावर, खातं माझं, त्यामुळे पैसे माझे. मी ते ठेवून घेतले. त्या वर्षी माझं दाणाभरही सोयाबीन भिजलं नव्हतं. भिजलं होतं ते भाऊंचं. त्यांनी पाडव्यालाच एकरी पंधरा हजारांप्रमाणे पंचाहत्तर हजार रुपये रोख माझ्या हातात देऊन माझं रान वर्षाच्या ठोक्यानं धरलं होतं.

भाऊ फोनवर एवढंच म्हणाले होते, "ताई, अनुदान आलंय म्हणे सगळ्यांचं." मी म्हटलं, "हो, आलंय." पुढे ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. हे आज लिहिते आहे, कारण ठोक्याबद्दल माझं जे पक्कं मत होतं ते बदलायला मला त्यानंतर दीड वर्ष लागलं, आणि त्या बदलाची सुरुवात या दोन वाक्यांपासून झाली.

माझं मत का पक्कं होतं, तेही सांगायला हवं. वडील असेपर्यंत आमचं रान बटईनं जायचं. निम्मी रास आमची, निम्मी बटईदाराची. सुट्टीत घरी गेलं की वडिलांच्या तोंडी एकच विषय असायचा: बटईदाराने खत कमी टाकलं, फवारणी चुकवली, राशीच्या रात्री दोन कट्टे परस्पर गेले. २०१८ साली वडील गेले. मी लातुरात शिक्षिका, सख्खं भावंड कुणी नाही. मला ती कटकट नको होती. ठोक्यात सगळं स्वच्छ वाटलं: पाडव्याला पैसे मोजून घ्यायचे, पुढच्या पाडव्याला रान मोकळं. खत टाकलं की नाही, पाऊस पडला की नाही, मोंढ्यात भाव काय, याच्याशी माझा संबंध नाही. शिवाय कुळाची भीती. मराठवाड्यात जुन्या हैदराबाद राज्याचा १९५० चा कुळवहिवाटीचा कायदा अजून लागू आहे, आणि दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्याला त्या जमिनीत हक्क मिळू शकतो, हे आमच्या भागात प्रत्येक शेतमालकाच्या डोक्यात बसलेलं असतं. म्हणून सगळे सांगतात तेच मीही केलं. कागद करायचा नाही, आणि एकाच माणसाला सलग दोन वर्षं रान द्यायचं नाही. २०२२ च्या पाडव्याला दुसऱ्या एकाने एकरी सतरा हजार देऊ केले. भाऊंनी पुन्हा मागितलं होतं, पण मी रान दुसऱ्याला दिलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

२०२३ च्या पाडव्याला, म्हणजे २२ मार्चला, रान परत घ्यायला मी गेले. एरवी मी धुऱ्यावर उभी राहून पाहायची आणि परत यायची. त्या दिवशी शेजारचे काका सोबत होते. त्यांच्या हातात पहार होती. ते म्हणाले, "बाई, आत या, बघा जरा." त्यांनी सरीच्या मधोमध पहार दाबली. वीतभर गेली आणि थांबली. दगड लागावा तशी थांबली. दहा पावलं पुढं गेलो, तिथंही तेच. मग ते आपल्या रानात गेले, तिथं पहार त्याच जोरात हातभर गेली. "चार वर्सं नुसता रोटावेटर फिरलाय," ते म्हणाले. "वरची चार बोटं भुसभुशीत, खाली पाटा झालाय. पाणी खाली जायाचं कसं?" सोयाबीनच्या मुळ्या त्या पाट्यावर आडव्या होतात, जोराचा पाऊस आला की पाणी वरच तुंबतं आणि पंधरा दिवस उघडीप पडली की पीक सगळ्यांच्या आधी माना टाकतं, हे मला त्या दिवशी समजलं. २०२१ ला माझ्या रानातलं सोयाबीन शेजाऱ्यांपेक्षा जास्त का सडलं, याचं निम्मं उत्तर त्या पाट्यात होतं.

पुढे उत्तरेच्या कोपऱ्यात हरळीचा अर्ध्या गुंठ्याएवढा पट्टा दिसला, वडिलांच्या वेळी तो नव्हता. वरच्या अंगाचा धुरा शेजाऱ्याच्या नांगराने हात-दीड हात आत सरकला होता. खालच्या अंगाला ताल फुटून घळ पडली होती, आणि तिच्यातून कित्येक पावसाळ्यांची काळी माती ओढ्याला गेली होती. तुषारचे तीस पाइप दिले होते, सत्तावीस होते. यातली एकही गोष्ट कुणी मुद्दाम केलेली नव्हती. ज्याने सतरा हजार मोजले होते, त्याने त्या वर्षाचं पीक काढलं आणि तो गेला. धुरा राखणं, ताल बांधणं, हरळी खणून काढणं, उन्हाळी नांगरट करणं या कामांची फळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतात, आणि दुसऱ्या वर्षी तो तिथं असणार नव्हता. तशी अट मीच घातली होती.

मी भाऊंकडे गेले. माझ्या मनात फक्त त्यांना पुन्हा रान देण्याचा विचार होता. त्यांनी वहिनींना चहा ठेवायला सांगितला आणि आतून एक वही आणली. त्यात २०२१-२२ चा सगळा हिशोब त्यांच्या दहावीतल्या मुलीच्या अक्षरात लिहिलेला होता. आम्ही तो एकत्र वाचला.

ठोक्याचे पंचाहत्तर हजार त्यांनी शेकडा तीन रुपये महिन्याने उचलले होते. बँकेचं पीककर्ज मिळणार कुठून, सातबारा त्यांचा नव्हता. पाडव्यापासून सोयाबीन विकेपर्यंत सात महिने, म्हणजे पावणेसोळा हजार व्याज. खरिपाचा खर्च एकरी पंधरा हजार: मशागत, बियाणं, डीएपी, तणनाशक, दोन फवारण्या, काढणी, रास. पाच एकरांचे पंचाहत्तर हजार. सोयाबीन झालं वीस क्विंटल, तेही डागी. त्या ऑगस्टात मोंढ्यात दहा हजारांच्या आसपास गेलेला भाव त्यांचा माल येईपर्यंत निम्म्यावर आला होता. डागी मालाला चार हजार तीनशे मिळाले, हाती आले शहाऐंशी हजार. मग रब्बीत विहिरीच्या पाण्यावर हरभरा केला. खर्च पंचेचाळीस हजार, माल तीस क्विंटल, पैसे एक लाख पस्तीस हजार. सगळी बेरीज-वजाबाकी करून पानाच्या तळाशी आकडा होता दहा हजार दोनशे पन्नास. दोन माणसांच्या वर्षभराच्या कष्टाचा तो पैसा.

त्याच पानावर, कोपऱ्यात, मोटर जळाल्याचे साडेसहा हजारही लिहिलेले होते, पण बेरजेत धरलेले नव्हते. मी विचारलं. भाऊ म्हणाले, "ते तुमच्याकडं मागायचं का नाही, ठरलंच नव्हतं. म्हणून बाजूला ठेवलं." ते धरले असते तर त्या वर्षाची त्यांची कमाई चार हजारांच्या खाली आली असती. त्याच वर्षी मला पंचाहत्तर हजार आणि वर वीस हजार मिळाले होते.

मी ज्याला स्वच्छ व्यवहार म्हणत होते, तो माझ्यापुरता स्वच्छ होता. पावसाचं, भावाचं, मोटरीचं सगळं ओझं मी पाडव्याच्या दिवशी त्यांच्या डोक्यावर ठेवून घरी जात होते, आणि सरकारने त्या ओझ्यासाठी दिलेला आधारसुद्धा माझ्याच खात्यात येत होता. मी त्यांना म्हटलं, ते वीस हजार तुमचे आहेत, आणि मोटरीचे साडेसहा माझ्याकडं निघतात. भाऊंनी पैसे घेतले. म्हणाले, "ताई, मला त्या टायमाला पायजे होते." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्यानंतर मी शेणखताचं विचारलं. वडिलांच्या वेळी दर दोन वर्षांनी शेणखत पडायचं, ठोक्याच्या चार वर्षांत एक ट्रॉलीही पडली नव्हती. भाऊ म्हणाले, "आवंदा टाकलेलं शेणखत तीन साल रानात ऱ्हातं. पुढच्या साली रान माझ्याकडं हाय का नाही हे मलाच ठाव नाही. मग टाकू कुणासाठी?"

तिथंच बसून आम्ही ठरवायला लागलो. मला बटईची भीती होती ती वडिलांच्या तक्रारींमुळे, म्हणून आधी त्या तक्रारींचाच उलगडा करायचा असं ठरलं. बटईदार फवारणी का चुकवतो? वडिलांच्या बटईत बी-खत-औषध सगळं बटईदाराचं असायचं आणि रास निम्मी-निम्मी. भाऊंनी बोटावर हिशोब मांडला. एका फवारणीला एकरी नऊशे रुपये लागतात. चक्री भुंगा किंवा अळी असताना ती केली तर समजा तीस किलो सोयाबीन वाचतं, म्हणजे तेराशे रुपये. रानाच्या दृष्टीने फवारणी फायद्याची आहे. पण बटईदाराच्या वाट्याला त्यातले साडेसहाशेच येतात आणि खिशातून जातात नऊशे. तो फवारणी करेलच कशाला? तीस-पस्तीस वर्षं वडिलांना जो आळस वाटला, तो साधा हिशोब होता. ज्या प्रमाणात रास वाटायची, त्याच प्रमाणात खर्चही वाटला, की ही अडचण जागेवर संपते. साडेचारशे त्यांचे, साडेचारशे माझे, आणि साडेसहाशे-साडेसहाशे दोघांना.

पण सगळं वर्ष बटईने नको, असं भाऊच म्हणाले. आणि त्यांचं म्हणणं मला आज सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. खरीप पावसाच्या हातात असतो, तिथं दोघांनी वाटून घ्यावं. रब्बीचा हरभरा विहिरीच्या पाण्यावर असतो, त्याचा अंदाज बांधता येतो, तिथं ठोका चालेल. मात्र तो हरभऱ्याची रास झाल्यावर द्यायचा. असा आमचा व्यवहार ठरला: खरीप निम्म्या बटईनं, रब्बी ठोक्यानं, आणि रान तीन वर्षं त्यांच्याकडं.

खरिपात मशागत, पेरणी, कोळपणी, खुरपणी ही कामं त्यांची. बी, खत, औषध, काढणी आणि राशीचा खर्च निम्मा-निम्मा. दुकानाची पावती ते मोबाइलवर पाठवतात, मी आठ दिवसांत माझा वाटा पाठवते. यात मी एकदाच उशीर केला होता, आणि तेव्हा खताचा दुसरा हप्ता पाऊस निघून गेल्यावर पडला. बियाणं पहिल्या वर्षी विकत आणलं, पुढं घरचंच. राशीतून वाटणीच्या आधीच दीड क्विंटल चांगलं सोयाबीन बाजूला काढायचं, म्हणजे ते दोघांचंही झालं. मे महिन्यात वहिनी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून गुंडाळून ठेवतात. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवायचं. साठाच्याही खाली गेलं तर दुसरं बी पाहायचं.

राशीच्या दिवशी मी रजा काढून जाते. वडिलांचे दोन कट्टे खरंच गेले होते की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. पण मालक खळ्यावर नसेल तर संशय कुणालाच टाळता येत नाही, बटईदारालाही नाही. बनीम फोडली की मळणी यंत्राजवळ धुरळ्यात उभं राहता येत नाही. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला पोत्यावर बसते आणि भरलेला प्रत्येक कट्टा वहीत एक काडी मारून लिहिते. भाऊंची मुलगी दुसऱ्या वहीत मारते. संध्याकाळी दोन्ही वह्यांमधल्या काड्या जुळवून कट्टे तिथंच वाटले जातात. आम्ही पैसे वाटत नाही, कट्टे वाटतो. कारण त्यांना उधारी फेडायला लगेच विकावं लागतं, मी चार महिने थांबू शकते. एकाच्या घाईचा किंवा सवडीचा भार दुसऱ्यावर पडू नये. गुळी सगळी त्यांची, त्यांच्या म्हशींसाठी. तिचं शेण मात्र माझ्या रानात यायचं.

पाण्याचं ठरवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. लोक म्हणतात, साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल २०२४ च्या एप्रिलपासून सरकार भरतं, मग पाण्याचा खर्च राहिला कुठं? खर्च बिलात फारसा नव्हताच. तो कमी दाबाने जळणाऱ्या मोटरीत, केबलीत, स्टार्टरात, फुटक्या पाइपात आणि आठवड्याआड रात्रीची लाईट असते तेव्हा थंडीत विहिरीवर काढलेल्या रात्रीत असतो. आम्ही रेघ अशी मारली: जे वर्ष संपल्यावरही रानातच राहतं, ते माझं. मोटर, तिची वाइंडिंग, स्टार्टर, केबल, विहिरीतला गाळ. जे वापरात झिजतं आणि रोज सांभाळावं लागतं, ते त्यांचं. पाइपांचे रबर, नोझल, फ्यूज. पाइप पाडव्याला मोजून द्यायचे, पाडव्याला मोजून घ्यायचे.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रब्बीचा ठोका रानाच्या एकरावर धरायचा नाही, भिजलेल्या एकरावर धरायचा. हरभऱ्याला आमच्याकडे दोन पाणी लागतात, एक फुलं लागायच्या वेळी आणि एक घाटे भरताना. जेवढ्या एकराला विहीर ही दोन्ही पाणी देईल, तेवढ्याचा एकरी सात हजार. पाणीच नसेल तर मी भाड्यानं देते आहे ते काय? या एका कलमाची किंमत पहिल्याच वर्षी कळली. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, विहिरीने डिसेंबरात तळ दाखवला, आणि अडीच एकरच हरभरा भिजला. मला पस्तीसऐवजी साडेसतरा हजार मिळाले. जुन्या ठोक्यात ती कोरडी विहीर एकट्या भाऊंची असती.

रान परत देण्याचं आम्ही शेवटी लिहिलं. पहिल्या उन्हाळ्यात खोल नांगरट मी माझ्या खर्चाने केली, एकरी दोन हजार पडले. त्यानंतर दर तिसऱ्या वर्षी एक नांगरट, माझीच. धुरा आणि ताल भाऊ राखणार. शेजाऱ्याने धुरा कोरला तर मला त्याच आठवड्यात कळवायचं, कारण भांडण मालकानेच करायचं असतं, कसणाऱ्याचं तिथं कुणी ऐकत नाही. हरभऱ्याचं काड पेटवायचं नाही. आणि शेणखत: भाऊंनी टाकायचं, पण तीन वर्षांच्या आत मी रान काढून घेतलं तर एक वर्ष झालं असल्यास शेणखताची निम्मी किंमत मी द्यायची, दोन वर्षं झाली असल्यास पाव. २०२३ च्या मे महिन्यात या रानात पाच वर्षांनी पहिल्यांदा दहा ट्रॉल्या पडल्या.

कुळाच्या भीतीचं काय केलं, असं मला इतर शेतमालक पहिल्यांदा विचारतात. मी एका वकिलांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की स्टॅम्पपेपरवर "हा कूळ नाही" असं लिहून कायदा बदलत नाही, आणि बटई असो वा ठोका, दुसऱ्याने कसलेल्या जमिनीचं स्वरूप कायदाच ठरवतो. म्हणजे जो धोका मी दरवर्षी माणूस बदलून टाळत होते, तो पूर्ण टळत नव्हताच, आणि त्यासाठी मोजलेली किंमत मात्र पहारेला लागली होती. आता आमच्यात दोघांच्या सहीचा कागद आहे. त्यात मुदत, वाटा, पाणी, रान परत देण्याची तारीख, सगळं आहे. धोका मी डोळे उघडे ठेवून पत्करला आहे. ज्यांची घरात वाटणी व्हायची आहे, किंवा सातबारावर पाच नावं आहेत, त्यांनी मी केलं तसं सरसकट करावं असं मी म्हणणार नाही. त्यांनी आधी वकील गाठावा.

आणखी एक गोष्ट, ती मला स्वतःला हलकं करून गेली. मोबाइलवर ई-पीक पाहणीत मी माझ्या नावावर सोयाबीन नोंदवते. ठोक्याच्या वर्षांत ते लिहिताना बोट अडखळायचं, कारण पीक माझं नव्हतं. आता निम्मं माझं आहे. कागदात एक ओळ आहे: विमा किंवा अनुदान ज्या पिकाचं येईल, ते त्या पिकाच्या वाट्याप्रमाणे. २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा तसाच पाऊस झाला. या वेळी पंधरा क्विंटलच हाती लागलं. सरकारने हेक्टरी साडेआठ हजार दिले, आणि रब्बीच्या बी-खतासाठी हेक्टरी आणखी दहा हजार. पैसे माझ्याच खात्यात आले, तिथं काही बदललेलं नाही. पहिल्या सतरा हजारांतले साडेआठ मी त्याच दिवशी भाऊंना पाठवले. रब्बीचे वीस हजार सगळे पाठवले, कारण रब्बी ठोक्याची आहे आणि हरभऱ्याचं बी-खत ते एकटे घालतात. ते म्हणाले, "ह्यातलं निम्मं तुमचं नव्हं का?" मी त्यांना कागदातली ओळ वाचून दाखवली.

आता आकडे. खरं सांगायचं तर मला यात पैशाचा फायदा झालेला नाही. कोरड्या वर्षी माझ्या हातात आले साडेतेहतीस हजार. २०२४ ला पाऊस चांगला, चाळीस क्विंटल सोयाबीन झालं, पण मोंढ्यात भाव हमीभावाच्या कितीतरी खाली, चार हजार दोनशे. तरी खर्च वजा जाता बटईचे साडेएक्कावन्न हजार आणि हरभऱ्याच्या ठोक्याचे पस्तीस, मिळून साडेशहाऐंशी हजार. गेल्या खरिपात सोयाबीनच्या माझ्या वाट्यातून माझा खर्चसुद्धा निघाला नाही, पावणेदोन हजार अंगावर आले. अनुदानाचा वाटा आणि गेल्या आठवड्यात हरभऱ्याची रास झाल्यावर मिळालेला ठोका धरून पावणेबेचाळीस हजार. तीन वर्षांचे मिळून एक लाख पावणेबासष्ट हजार. सतरा हजारांच्या ठोक्याने मला दोन लाख पंचावन्न हजार मिळाले असते. नांगरट धरली तर लाखाच्या वर कमी. तो लाख आकाशातून पडलेला नव्हता. कोरड्या आणि भिजलेल्या वर्षांत तो भाऊंच्या घरातून, शेकडा तीनच्या व्याजासकट, माझ्याकडे आला असता. मला पगार होता, म्हणून मी हे करू शकले. जिच्या घरची चूल त्या ठोक्यावर पेटते, अशा एकट्या बाईने रोख ठोका घेतला तर तिला मी नाव ठेवणार नाही. फक्त भिजलेल्या एकराचं कलम आणि अनुदानाची ओळ तिनेही लिहावी, त्याला फारसा पैसा लागत नाही.

येत्या पाडव्याला, १९ मार्चला, आमची तीन वर्षं संपतात. भाऊंना पुढची तीन वर्षं हवी आहेत, मलाही द्यायची आहेत. अडलंय ते एका एकरावर. त्यांना तिथं ऊस लावायचा आहे. यंदा विहीर तुडुंब आहे आणि ऊस पाण्यात उभा राहिला तरी सोयाबीनसारखा जात नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण ऊस पाडव्याला सुटत नाही. लावण तुटायला वर्ष-सव्वा वर्ष, मग खोडवा, आणि तो एकर विहिरीचं पाणी बाराही महिने ओढेल. मग बाकीच्या चार एकर हरभऱ्याची दोन पाणी भरतील का, आणि न भरली तर ठोका कुणी सोसायचा? खोडवा उभा असताना मुदत संपली तर त्याची किंमत कशी करायची? आमच्या कागदात यातलं काहीच नाही. रविवारी मी जाणार आहे. काकांना पहार घेऊन बोलावलंय. आधी रानात फिरू, पाइप मोजू, विहिरीत दोर सोडून पाणी किती हात आहे ते पाहू, आणि मग भाऊंच्या ओसरीवर वही उघडू.